मिठातलं क्लोराइड सिल्व्हर क्लोराइडच्या रूपात तोलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली सगळीकडे नमुना एकच धरला आहे: समुद्राच्या पाण्यापासून मिठागरात तयार झालेलं, न धुतलेलं खडे मीठ. शुद्ध सोडियम क्लोराइडवर ही पद्धत कुणालाही जमते. खड्या मिठात मात्र ओलावा असतो, माती असते, मॅग्नेशियम असतं, आणि पद्धतीतल्या प्रत्येक पायरीचं कारण तिथेच कळतं.

थोडक्यात करायचं काय असतं?

मीठ पाण्यात विरघळवायचं, थोडं नायट्रिक आम्ल घालायचं आणि सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण थोडं जास्तच घालून सगळं क्लोराइड सिल्व्हर क्लोराइडच्या पांढऱ्या साक्यात उतरवायचं. साका म्हणजे पुस्तकातला अवक्षेप. हा साका गाळायचा, धुवायचा, वाळवायचा आणि तोलायचा. त्याच्या वजनाला ०.२४७४ ने गुणलं की क्लोराइडचं वजन मिळतं.

हा गुणक दोन वजनांच्या भागाकारातून येतो. क्लोरीनचा अणुभार ३५.४५३ आणि सिल्व्हर क्लोराइडचा रेणुभार १४३.३२, भागाकार ०.२४७३७. प्रत्यक्ष हिशोबात पाचही अंक ठेवा आणि शेवटच्या उत्तरातच आकडे कमी करा.

टायट्रेशन अर्ध्या तासात होतं. मग यासाठी अख्खा दिवस का घालवायचा?

रोज वीस नमुने तपासायचे असतील तर घालवू नका, टायट्रेशनच करा. पण टायट्रेशनमध्ये सिल्व्हर नायट्रेटची नेमकी तीव्रता माहीत असावी लागते, आणि ती ठरवण्यासाठी शुद्ध सोडियम क्लोराइडचाच आधार घ्यावा लागतो. साका तोलण्याच्या पद्धतीत सिल्व्हर नायट्रेटची तीव्रता ठाऊक नसली तरी चालतं, पुरेसं जास्त घातलं की झालं. इथे भरवसा फक्त वजनकाट्यावर आणि अणुभारांवर असतो.

हे अणुभारही एके काळी याच साक्यावरून ठरले. हार्वर्डमधल्या थिओडोर रिचर्ड्स यांनी सोडियम आणि क्लोरीनच्या अणुभारांची फेरतपासणी केली तेव्हा सिल्व्हर क्लोराइड गाळणं आणि तोलणं हाच त्या कामाचा कणा होता. अणुभारांवरच्या कामासाठी त्यांना १९१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्याला तेवढं अचूक व्हायचं नसतं, पण गाळणीतून निसटलेल्या साक्याची त्यांना वाटणारी धास्ती आपणही बाळगायला हवी.

मीठ आधी ओव्हनमध्ये वाळवून घ्यायचं ना?

शुद्ध सोडियम क्लोराइड असेल तर हो, ११० अंशांवर दोन तास. खड्या मिठाच्या बाबतीत मी सरळ नाही म्हणेन.

तव्यावर खडे मीठ टाकलं की तडतडतं, हे स्वयंपाकघरात सगळ्यांनी ऐकलेलं असतं. स्फटिक वाढताना खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब त्याच्या पोटात अडकतात आणि तापल्यावर ते खडा फोडून बाहेर पडतात. म्हणजे दोन अडचणी झाल्या. अख्ख्या खड्याच्या पोटातलं पाणी ११० अंशांवर नीट निघतच नाही, आणि जे निघतं ते कण उडवून निघतं. शिवाय मीठ जमल्यावर आगरात जे कडू पाणी उरतं ते मॅग्नेशियम क्लोराइडचं असतं आणि त्याचा थर खड्यावर राहतो. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं ते मुख्यतः त्याच्यामुळे. ओलं मॅग्नेशियम क्लोराइड जोरात तापवलं तर पाण्याबरोबर थोडा हायड्रोजन क्लोराइडही निघून जातो, म्हणजे जे मोजायचं तेच उडतं.

म्हणून मीठ खलबत्त्यात पटकन बारीक करा आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. क्लोराइडसाठी न वाळवलेलं मीठ घ्या. ओलावा त्याच बाटलीतल्या दुसऱ्या भागावर वेगळा काढा आणि शेवटी कोरड्या वजनावर हिशोब करा. ओलाव्याच्या त्या भागात हायड्रोजन क्लोराइड उडण्याची बारीकशी चूक राहतेच, पण तिथे एका दशांशापर्यंतचा आकडा पुरतो.

नमुना किती घ्यायचा?

साका साधारण अर्धा ग्रॅम मिळावा असा. त्यासाठी मीठ ०.२ ग्रॅमच्या आसपास लागतं. जास्त घेतलं तर साक्याचा डोंगर होतो आणि तो धुवून निघत नाही. फार कमी घेतलं तर काट्यावरची ०.२ मिलिग्रॅमची चूकही डोळ्यांत भरते.

पण खड्या मिठाची ०.२ ग्रॅमची चिमूट पोतंभर मिठाचं प्रतिनिधित्व कशी करणार? त्यावर उपाय असा की पाचेक ग्रॅम मीठ विरघळवून त्या द्रावणाचा वाटा घ्यायचा. आता हा वाटा पिपेटने घ्यावा असं पहिल्यांदा मनात येतं. १० मिलिलिटरच्या चांगल्या, अ वर्गाच्या पिपेटलाही ०.०२ मिलिलिटरची सूट असते, म्हणजे ०.२ टक्के. एवढी चूक साक्याच्या संपूर्ण कामात होत नाही, आणि आपण ती पहिल्याच पायरीला पत्करतो. म्हणून द्रावणही तोलूनच वाटा. ५ ग्रॅम मिठाचं एकूण २५० ग्रॅम द्रावण करा, कोरड्या गाळण कागदातून गाळा, पहिला थोडा भाग टाकून द्या आणि उरलेल्यातून सुमारे १० ग्रॅम द्रावण झाकणाच्या तोलबाटलीत घेऊन नेमकं तोला.

गाळण्याने दुसरंही काम साधतं, माती आणि रेती निघून जाते. ही पायरी विसरलात तर माती साक्यात बसते आणि चांदीच्या भावाने तोलली जाते. ०.२ ग्रॅम मिठात एक टक्का माती म्हणजे २ मिलिग्रॅम, आणि निकालात तेवढ्यानेही जवळपास पाव टक्क्याची वाढ होते. मिठातल्या जिप्समची काळजी नको. ते थोडंच असतं आणि एवढ्या पाण्यात, नीट ढवळलं तर, विरघळतं.

नायट्रिक आम्लच का? हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक का नाही?

हायड्रोक्लोरिक घातलं तर आपणच क्लोराइड घातलं. सल्फ्युरिक घातलं तर सिल्व्हर सल्फेट खाली बसू शकतं, कारण तेही फारसं विरघळणारं नाही. नायट्रिकचं असं काही होत नाही. कार्बोनेट किंवा फॉस्फेट असेल तर आम्ल नसताना त्यांचे सिल्व्हरचे क्षार साक्यात मिसळतात, आम्ल असलं की ते विरघळलेलेच राहतात. साका गोळा व्हायलाही त्याची मदत होते.

द्रावण पाणी घालून १५० मिलिलिटर करा आणि तीव्र नायट्रिक आम्ल अर्धा ते एक मिलिलिटर घाला, जास्त नको. आणि हे आम्ल द्रावण उकळायचं नाही, निदान चांदी घालेपर्यंत तरी नाही. गरम नायट्रिकमध्ये मोकळं क्लोराइड असलं की त्यातलं थोडं वाफेतून निसटू शकतं.

आम्लाची आणि डिस्टिल्ड पाण्याची आधी परीक्षा घ्या: परीक्षानळीत थोडं घेऊन सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. धूसर झालं तर ते पाणी वापरू नका. नळाच्या पाण्यात हा प्रयोग एकदा करून बघा, बहुतेक ठिकाणी ते दुधाळ होतं.

सिल्व्हर नायट्रेट गार द्रावणात घालायचं की गरम? किती?

गारच. ०.१ मोलर द्रावण ब्युरेटमधून किंवा पिपेटने बारीक धारेत, एकसारखं ढवळत घाला. नेहमी चांदी क्लोराइडमध्ये घालायची, उलटं करायचं नाही. उलटं केलं तर साका सुरुवातीपासून सिल्व्हर नायट्रेटने भरलेल्या द्रावणात वाढतो आणि ते पोटात घेऊन बसतो.

प्रमाण काढताना मीठ पूर्ण शुद्ध आहे असं धरा. ०.२१४६ ग्रॅम सोडियम क्लोराइडला ३६.७ मिलिलिटर लागतात, तर ४० घाला. थोडी चांदी शिल्लक राहायला हवी, कारण तिच्यामुळेच विरघळण्याची शक्यता दबते. नुसत्या पाण्यात २५ अंशांवर लिटरमागे सुमारे १.९ मिलिग्रॅम सिल्व्हर क्लोराइड विरघळतं. द्रावणात थोडी चांदी शिल्लक असली की तोच आकडा लिटरमागे मिलिग्रॅमच्या एका शंभरांशावर येतो, म्हणजे आपल्या २०० मिलिलिटरमध्ये काट्याला दिसणारही नाही एवढं.

मग गरम करायचं, जवळपास उकळीपर्यंत, ढवळत ढवळत. सुरुवातीला द्रावण दुधासारखं असतं. तापल्यावर दूध नासावं तसं ते फुटतं आणि पांढऱ्या गाठी तळाशी बसून वरचं पाणी नितळ होतं. पाच-दहा मिनिटांत हे घडलं नाही तर अजून ढवळा. गाठी बसल्यावर वरच्या नितळ पाण्यात कडेने सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब सोडा. थेंब पडतो तिथे धूर उठल्यासारखा ढग दिसला तर क्लोराइड उरलं आहे, अजून घाला. दिसला नाही तर पात्र झाकून अंधाऱ्या कपाटात एक-दोन तास, थंड होईपर्यंत, ठेवा.

गरमच गाळलं तर वेळ वाचेल ना?

वेळ वाचेल, साका वाचणार नाही. १०० अंशांवर सिल्व्हर क्लोराइडची विद्राव्यता लिटरमागे २१ मिलिग्रॅमपर्यंत जाते. साका गरम असताना बाहेर निघालेलं पाणी आपल्यासोबत चांदी घेऊन जातं. चांदी जास्त असेल तेव्हा हे नुकसान दबलेलं असतं, पण धुताना ती चांदी निघून गेल्यावर नाही.

धुण्याचं पाणी आम्लाचं का? नुसतं पाणी का चालत नाही?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त चुकीचं उत्तर मिळणारा प्रश्न हा आहे. ‘आम्लामुळे साका विरघळत नाही’ असं विद्यार्थी ठामपणे लिहितात. तसं काही होत नाही. पातळ नायट्रिक आम्लातही सिल्व्हर क्लोराइड जवळजवळ पाण्याइतकंच विरघळतं.

खरं कारण साक्याच्या गाठींमध्ये आहे. प्रत्येक गाठ असंख्य अतिसूक्ष्म कणांची असते. आपण चांदी जास्त घातल्याने प्रत्येक कणाच्या पृष्ठावर सिल्व्हरचे आयन चिकटलेले असतात, म्हणजे सगळे कण धनभारित आणि एकमेकांना ढकलणारे. त्यांच्याभोवती नायट्रेट आयनांचं दाट वेष्टण असतं म्हणून ते भांडण मिटलेलं असतं आणि कण एकत्र राहतात. नुसत्या पाण्याने धुतलं की हे वेष्टण विरळ होतं, कण पुन्हा एकमेकांना दूर सारतात, गाठ सुटते आणि साका गाळणीतून दुधासारखा पार होतो. पात्रात नितळ दिसत असलेलं पाणी धुवायला घेतल्यावर अचानक धूसर होऊ लागलं तर हेच घडतंय.

म्हणून धुण्याच्या पाण्यात एखादं विद्युतअपघटनी हवं, आणि ते वाळवताना उडून जाणारं हवं. सोडियम नायट्रेट घातलं तर गाठी टिकतील पण मीठ साक्यात राहील. नायट्रिक आम्ल उडून जातं. लिटरभर पाण्यात दीड-दोन मिलिलिटर तीव्र आम्ल पुरतं.

आता ते विरघळणं. आम्ल ते थांबवत नाही, म्हणून थांबवायचं आपणच, कमी पाण्याने. एकदम ओतण्यापेक्षा १० ते १५ मिलिलिटरच्या छोट्या वाट्यांनी, आधी पात्रातच साका धुवून वरचं पाणी गाळणीवर ओतत, मग गाळणीवर. एकूण १०० मिलिलिटरमध्ये आटपा. ते सगळं पाणी पूर्ण संपृक्त झालं असं धरलं तरी गार पाण्यात ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी जाईल. २०० मिलिलिटर उकळत्या पाण्याने धुतलं तर ४ मिलिग्रॅमपर्यंत.

धुणं कधी थांबवायचं? शेवटच्या वाट्याचे तीन-चार मिलिलिटर परीक्षानळीत घेऊन पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. दुधाळपणा दिसेनासा झाला, फारतर अगदी पुसट झाक राहिली, की बास. ती झाक पूर्ण जाईपर्यंत धूत बसू नका, कारण ती साका स्वतः विरघळल्याचीही असते.

गाळण कागद चालेल का?

टाळा. कागद जाळावा लागतो आणि जळताना निघणारा कोळसा सिल्व्हर क्लोराइडमधून चांदीचा धातू मोकळा करतो. तळाला काच-चूर्णाची चकती असलेली क्रुसिबल वापरा. आपल्या प्रयोगशाळांत तिला ‘सिंटर्ड क्रुसिबल, जी-फोर’ म्हणतात. सौम्य निर्वातावर गाळा. पंप जोरात लावला तर साका चकतीवर चिखलासारखा दाबला जातो आणि गाळणं थांबतं.

पात्राला चिकटलेला साका रबराच्या टोकाच्या काचकांडीने खरवडा. काठावरची पांढरी रेघ ‘एवढीशीच आहे’ म्हणून सोडून देणारे मी पाहिलेत. ती सहज मिलिग्रॅमभर असू शकते.

क्रुसिबल रिकामी असतानाच स्थिर वजनापर्यंत आणायची असते: त्याच ओव्हनमध्ये, त्याच तापमानाला, डेसिकेटरमध्ये तेवढाच वेळ गार करून. साक्याच्या दिवशी घाईत नवी क्रुसिबल काढून एकदाच तोलणं ही माझ्या पाहण्यातली सगळ्यात साधी आणि सगळ्यात घातक चूक आहे. बोटांनी धरू नका, चिमटा वापरा.

वाळवायचं किती?

आधी ११० अंशांवर पाऊण तास, मग १३० ते १५० अंशांवर तासभर. सुरुवातीलाच एकदम तापवलं तर ओल्या साक्यातून वाफ उसळून कण उडतात. डेसिकेटरमध्ये अर्धा तास गार करून तोला, पुन्हा अर्धा तास तापवून तोला. लागोपाठच्या दोन वजनांत ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फरक नसला की थांबा. साक्यात पाण्याचा अगदी शेवटचा अंश राहतो तो ४५५ अंशांवर वितळवल्याशिवाय निघत नाही. अणुभार ठरवणारे तो काढतात, मिठासाठी त्याची गरज नाही.

साका जांभळा झाला. वाया गेला का?

प्रकाशाने सिल्व्हर क्लोराइड फुटतं: क्लोरीन निघतो आणि चांदीचे अतिसूक्ष्म कण राहतात, त्यांचा तो जांभळट-करडा रंग. पृष्ठावर पुसट झाक असेल तर वाया गेला नाही. एवढ्याशा रंगासाठी लागणारी चांदी काट्यावर दिसण्यापलीकडची असते. ढवळल्यावर आतूनही करडा दिसला तर मात्र प्रयोग पुन्हा करा.

यातली गंमत अशी की चूक कोणत्या दिशेला जाईल हे प्रकाश कधी लागला त्यावर ठरतं. गाळून धुतलेल्या साक्यावर ऊन पडलं तर क्लोरीन हवेत जातो आणि वजन कमी भरतं. साका अजून चांदीच्या द्रावणात असताना ऊन पडलं तर उलट होतं. सुटलेला क्लोरीन पाण्याशी क्रिया करून पुन्हा क्लोराइड देतो आणि शिल्लक चांदी त्याचा नवा साका करते, तर फुटलेल्या साक्यातली धातूची चांदी तिथेच राहते. दोन्हींची भर पडते आणि वजन वाढतं.

उपाय साधा. खिडकीजवळ काम करू नका, पात्रावर तपकिरी कागद गुंडाळा, मधल्या काळात कपाटात ठेवा. काचेच्या भिंतीच्या नव्या प्रयोगशाळांत दुपारी तीन वाजता हे किती कठीण आहे ते तिथे काम करणारेच जाणतात.

आयोडीनयुक्त मिठात आयोडीनचा अडथळा होत नाही का?

तत्त्वतः ब्रोमाइड, आयोडाइड, थायोसायनेट हे सगळे सिल्व्हरबरोबर साका देतात आणि क्लोराइड म्हणून मोजले जातात. पण प्रमाण पाहा. मिठात आयोडीन किलोमागे ३० मिलिग्रॅमच्या पातळीचं असतं. आपल्या ०.२ ग्रॅम नमुन्यात ते सहा मायक्रोग्रॅम भरतं, म्हणजे काट्याच्या शेवटच्या अंकापेक्षाही कमी. मोकळं वाहावं म्हणून मिठात घालतात त्या फेरोसायनाइडचंही तेच. समुद्रातल्या ब्रोमाइडचा मोठा वाटा तर त्या कडू पाण्यातच राहून जातो. या पद्धतीला खरा धोका दुसऱ्याच नमुन्यांत असतो: पाऱ्याचे क्षार असतील तर ते क्लोराइडला धरून ठेवतात आणि साका पुरा उतरत नाही.

एक पूर्ण हिशोब दाखवा.

आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. खडे मीठ ५.३६५० ग्रॅम, एकूण द्रावण २५०.०० ग्रॅम. त्यातलं १०.००० ग्रॅम द्रावण घेतलं, म्हणजे मीठ ०.२१४६ ग्रॅम. रिकामी क्रुसिबल ३१.४८२७ ग्रॅम. साक्यासकट वजनं अशी आली: पहिल्यांदा ३१.९८५६, मग ३१.९८४८, मग ३१.९८४७. शेवटचं घेतलं. साका ०.५०२० ग्रॅम.

क्लोराइड = ०.५०२० × ०.२४७३७ = ०.१२४१८ ग्रॅम. मिठात ५७.८७ टक्के.

दुसरा वाटा ९.९८६ ग्रॅम, म्हणजे मीठ ०.२१४३ ग्रॅम. साका ०.५०१० ग्रॅम, क्लोराइड ५७.८३ टक्के. सरासरी ५७.८५. दोन वाट्यांतला हा फरक समाधानकारक आहे. तो ०.२ च्या वर गेला असता तर मी दोन्ही फेकून पुन्हा केलं असतं, सरासरी काढली नसती.

ओलावा वेगळा काढला, २.६ टक्के. कोरड्या वजनावर क्लोराइड = ५७.८५ ÷ ०.९७४ = ५९.३९ टक्के.

मग यात सोडियम क्लोराइड ९७.९ टक्के असं लिहायचं ना?

५९.३९ ला १.६४८५ ने गुणलं की ९७.९ येतं खरं. पण साक्याला क्लोराइड कुणाकडून आलं ते कळत नाही. मॅग्नेशियम क्लोराइडमधलंही तो तितक्याच आनंदाने उचलतो. समजा वेगळ्या चाचणीत या मिठात कोरड्या वजनावर अर्धा टक्का मॅग्नेशियम क्लोराइड निघालं. त्यात क्लोराइड ०.३७ टक्के असतं. ते वजा केलं तर ५९.०२ उरतात आणि सोडियम क्लोराइड ९७.३ टक्के येतं.

आपल्याकडच्या खाद्यसुरक्षा मानकांत खाण्याच्या मिठासाठी कोरड्या वजनावर किमान ९६ टक्के सोडियम क्लोराइड लागतं. आपलं मीठ दोन्ही आकड्यांत पास होतं. पण ९६.३ वर असलेलं कडवट मीठ ही वजाबाकी केल्यावर नापास होऊ शकतं. अहवालात म्हणून ‘क्लोराइड, कोरड्या वजनावर ५९.३९ टक्के’ असं लिहा. सोडियम क्लोराइड लिहायचंच असेल तर ‘सगळं क्लोराइड सोडियमचं धरून’ हे शब्द सोबत ठेवा.

निकाल जास्त किंवा कमी आला तर काय चुकलं हे कसं ओळखायचं?

शुद्ध, वाळवलेल्या सोडियम क्लोराइडचा एक नमुना सोबत चालवा, त्यात ६०.६६ टक्के यायला हवेत. तो बरोबर आला आणि मीठ चुकलं तर दोष नमुन्यात किंवा ओलाव्यात शोधा. दोन्ही एकाच दिशेने चुकले तर दोष हातात आहे.

दोन्ही कमी आले तर आधी गाळलेलं पाणी पाहा. ते रात्रभर ठेवल्यावर तळाशी पांढरी पूड दिसली तर साका गाठ सुटून पार झाला. पाणी नितळ असेल तर जास्त किंवा गरम पाण्याने धुतलं असावं, किंवा वाळल्यावर ऊन लागलं. दोन्ही जास्त आले तर पहिला संशय अपुऱ्या धुण्याचा, दुसरा अपुऱ्या वाळवण्याचा. पुन्हा तापवून वजन उतरलं तर पाणी होतं. उतरलं नाही आणि साका करडा असेल तर चांदीच्या द्रावणात असतानाच त्याला प्रकाश लागला होता.

क्रुसिबल साफ कशी करायची?

कोरडा साका आधी खरवडून काढा. चकतीतला उरलेला अमोनियाच्या द्रावणाने विरघळतो, मग भरपूर पाणी ओढून घ्या. मात्र तो चांदीचा अमोनियातला द्राव बाटलीत भरून ठेवू नका. ठेवल्यावर त्यात स्फोटक काळा पदार्थ तयार होतो. त्याच वेळी पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल घालून आम्लधर्मी करा, चांदी पुन्हा पांढऱ्या साक्यात येते आणि ती चांदीच्या कचऱ्याच्या बाटलीत जाते. अमोनियाची धास्ती वाटत असेल तर हायपोचं द्रावण वापरा, तेही हा साका विरघळवतं. खरवडलेला साका, गाळलेलं पाणी आणि ब्युरेटमधलं उरलेलं सिल्व्हर नायट्रेट हे सगळं त्याच बाटलीत टाका. सिंकमध्ये काही जाऊ देऊ नका. आणि हातमोजे घाला, बोटांवरचे काळे डाग आठवडाभर जात नाहीत.